पहिला पासपोर्ट, भाड्याचं घर आणि पोलीस व्हेरिफिकेशन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः त्यांच्यासाठी आहे जे अठरा वर्षांच्या पुढचे आहेत, आधी कधीच पासपोर्ट काढलेला नाही, आणि गाव एकीकडे नि नोकरी दुसरीकडे अशी परिस्थिती आहे. म्हणजे आधार लातूरचा, राहतो पुण्यात, लाईट बिल मालकाच्या नावावर. अशांचीच फाईल जास्त अडकते आणि ती बहुतेक वेळा पत्त्यावरूनच अडकते, म्हणून खालची निम्मी उत्तरं पत्त्याबद्दलच आहेत.

अर्ज घरबसल्या होतो का, की एजंट लागतोच?

फॉर्म, फी आणि अपॉइंटमेंट घरबसल्या होतं, एजंट अजिबात लागत नाही. साईट एकच, passportindia.gov.in, किंवा मोबाईलवर mPassport Seva हे ॲप. गुगलवर शोधलं की सरकारीच वाटाव्यात अशा बनावट साईटी वर येतात, त्या फॉर्म भरून घेतात, जास्त पैसे घेतात आणि अपॉइंटमेंट देतोच म्हणून सांगतात, परराष्ट्र मंत्रालयाने त्यांच्याबद्दल इशाराही दिलेला आहे. पत्त्याच्या शेवटी gov.in नसेल तर तिथे एक अक्षरही भरू नका.

फॉर्म भरून झाला की ऑनलाईन फी भरायची, तारीख घ्यायची आणि त्या दिवशी एकदा प्रत्यक्ष पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा पोस्ट ऑफिसातल्या केंद्रात जायचं. बोटांचे ठसे आणि फोटो तिथेच घेतात, त्यामुळे ती एक चक्कर चुकत नाही.

फी किती?

मोठ्या माणसाचा दहा वर्षांचा, 36 पानी साधा पासपोर्ट 1500 रुपये, 60 पानी 2000. तत्काळला वर आणखी 2000. पोलीस व्हेरिफिकेशनची वेगळी फी नाही, शून्य. याबद्दल खाली पुन्हा लिहिलंय कारण प्रश्न सारखा येतो.

माझं आधार गावचं आहे आणि मी पुण्यात भाड्याने राहतो, कुठला पत्ता टाकू?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

फॉर्ममध्ये सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता असे दोन वेगळे विचारतात. पुरावा लागतो तो सध्याच्या पत्त्याचा. आणि पुढच्या दोन गोष्टी त्याच पत्त्यावर होतात: पोलीस चौकशी त्याच हद्दीत होते आणि पासपोर्टही स्पीड पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो. 2018 पासून तुम्ही देशातल्या कुठल्याही केंद्रात अर्ज करू शकता, म्हणजे पुण्यात तारीख मिळत नसेल तर सोलापूरला जाऊन अर्ज देता येतो, पण त्याने पोलीस चौकशीची जागा बदलत नाही, ती फॉर्ममधल्या पत्त्यालाच चिकटलेली असते. हा फरक न कळल्याने बरेच जण सोलापूरच्या पोलिसांच्या फोनची वाट बघत बसतात.

आता लोक करतात काय, तर आधार गावचं आहे, पुरावा हातात आहे, मग सध्याचा पत्ता म्हणून गावचाच टाकून मोकळे होतात. केंद्रात हे चालून जातं कारण कागद बरोबर असतो. मग गावचे पोलीस घरी येतात, आई सांगते मुलगा पुण्याला कंपनीत आहे, सणावारालाच येतो, आणि पोलीस जे ऐकलं तेच लिहितात, की अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. रिपोर्ट प्रतिकूल गेला. इथे आईचं चुकलं नाही आणि पोलिसांचंही नाही, फॉर्ममधला पत्ताच खरा नव्हता. शिवाय पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 खाली जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. पासपोर्टच्या अर्जात एवढा धोका कशाला घ्यायचा.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, जिथे रोज झोपता तो पत्ता टाका आणि त्याचा पुरावा आधी तयार करा, महिना गेला तरी चालेल. गावचा पत्ता कायमचा पत्ता म्हणून लिहाच. गावचा पत्ता सध्याचा म्हणून टाकणं योग्य कधी, तर तुम्ही खरंच तिथे राहत असाल तेव्हा, म्हणजे वर्क फ्रॉम होम आहे, किंवा शिक्षण संपवून घरी परत आलात आणि पुढचे दोन-तीन महिने कुठे जाणार नाही.

भाड्याने राहणाऱ्याला पत्त्याचा कुठला पुरावा चालतो?

सगळ्यात सरळ म्हणजे नोंदणीकृत भाडेकरार, आपण ज्याला लिव्ह अँड लायसन्स म्हणतो तो. नोंदणीकृत म्हणजे नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्प पेपर नव्हे. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार रजिस्टर करणं सक्तीचंच आहे आणि आता एजंट घरी थंब मशीन घेऊन येतो, मालक नि भाडेकरूचे ठसे घेतो आणि पुढे ऑनलाईन नोंदणी होते. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी लागते, 'अकरा महिन्यांचा आहे म्हणून रजिस्टर करायला नको' हे मालक अजूनही सांगतात ते इथे खरं नाही.

करारात तुमचं नाव हवं. तिघांनी फ्लॅट घेतला आणि करार एकाच्याच नावावर, तर बाकी दोघांना तो पुरावा म्हणून शून्य कामाचा. आणि अर्जाच्या दिवशीच नाही, पोलीस येतील तेव्हाही करार चालू असला पाहिजे. महिन्याभरात संपणार असेल तर आधी रिन्यू करा मग अर्ज करा.

दुसरा पर्याय फोटो लावलेलं बँक पासबुक. फोटोवर बँकेचा शिक्का, आतमध्ये सध्याचा पत्ता आणि खातं चालू असलेलं. सरकारी, खाजगी, ग्रामीण बँक चालते. नेटबँकिंगची पीडीएफ स्टेटमेंट म्हणजे पासबुक नव्हे. बँकेत जाऊन पत्ता बदलून, फोटोचं पासबुक मागून घ्या, काही शाखा 'आम्ही आता देत नाही' म्हणतात पण शांतपणे पासपोर्टसाठी हवंय सांगितलं की बहुतेक ठिकाणी देतात.

तिसरा, आधारवरचा पत्ताच बदलणं. रजिस्टर्ड भाडेकराराच्या आधारे तो ऑनलाईन बदलता येतो. मला हाच मार्ग सगळ्यात आवडतो, कारण मग केंद्रात आणि पोलीस ठाण्यात दोन्हीकडे एकच पत्ता दिसतो आणि कुणी उलट प्रश्न विचारत नाही.

घर वडिलांचं आहे, लाईट बिल त्यांच्या नावावर. चालेल ना?

नाही. महावितरणचं बिल, पाण्याचं बिल, गॅसचं पुस्तक, जे काही असेल ते अर्जदाराच्या नावाचं हवं. आईवडिलांच्या पासपोर्टची कॉपी ही सोय लहान मुलांसाठी आहे, मोठ्यांसाठी नाही. नवराबायकोच्या बाबतीत मात्र जोडीदाराच्या पासपोर्टची पहिल्या आणि शेवटच्या पानाची कॉपी चालते, पण त्या पासपोर्टमध्ये तुमचं नाव जोडीदार म्हणून असायला हवं आणि दोघांचा सध्याचा पत्ता एकच हवा.

आईवडिलांबरोबर राहत असाल आणि तुमच्या नावावर एकही कागद नसेल तर आधारमध्ये 'कुटुंबप्रमुखाच्या आधारे पत्ता बदल' अशी सोय आहे, वडिलांनी त्यांच्या लॉगिनमधून 30 दिवसांत संमती द्यायची की तुमच्या आधारवर त्यांचा पत्ता येतो. ते आधी करून घ्या.

एक उदाहरण पूर्ण सांगाल का?

माझ्या मावसबहिणीचं सांगते. मूळची लातूरची, वाकडला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने, आयटीत. आधार लातूरचं, करार एका मैत्रिणीच्या नावावर, बँक पासबुकावरही लातूरच. म्हणजे वाकडला राहते याचा तिच्या नावाचा एकही कागद नव्हता. मावशीचा आग्रह की लातूरलाच कर, इथे सगळे ओळखीचे आहेत.

आम्ही तसं नाही केलं. करार संपत आलाच होता, तो नवा करताना मालकांना सांगून तिघींची नावं घातली आणि नोंदणी केली. त्यावरून आधारचा पत्ता बदलायला टाकला, तो बदलून आला आणि मगच पासपोर्टचा फॉर्म उघडला. सध्याचा पत्ता वाकड, कायमचा लातूर. जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, नॉन-ईसीआरसाठी, ते काय ते खाली लिहिलंय, दहावीचं सर्टिफिकेट.

फॉर्ममध्ये जिल्हा निवडला की पोलीस ठाण्यांची यादी उघडते, तिथे ती अडली. सोसायटीतल्या जुन्या लोकांनी एक नाव सांगितलं, गुगल मॅपवर जवळ दिसत होतं दुसरंच. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय 2018 मध्ये वेगळं झालं, त्या भागात हद्दी बदलल्यात, त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊच नये. तिने ऑफिसमधून येताना पोलीस ठाण्यात उतरून सोसायटीचं नाव सांगून विचारलं, ही हद्द तुमचीच का, आणि मग फॉर्म सबमिट केला. साईटवरही आपलं पोलीस ठाणं शोधायची सोय आहे. इथे चुकीचं ठाणं निवडलं तर फाईल आधी तिकडे जाते, ते लोक हद्दीबाहेर म्हणून परत पाठवतात, मग योग्य ठाण्याकडे जाते आणि तोपर्यंत तुम्ही स्टेटस बघत बसता. एवढ्या एका ड्रॉपडाऊनमुळे आठवडे जातात.

पोलिसांनी तिला ठाण्यावर बोलावलं, करार, आधार, दाखला बघितला, शेजारच्या दोन काकूंची नावं आणि आधारच्या झेरॉक्स घेतल्या, सही घेतली. कागदावर सगळीकडे तोच पत्ता असल्याने विचारायला काही उरलंच नव्हतं.

नाव कसं लिहायचं? दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे.

आपल्याकडच्या बोर्डाच्या कागदांवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो, आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. नुसता क्रम वेगळा असेल तर घाबरू नका. फॉर्ममध्ये दोनच रकाने आहेत, Given Name आणि Surname. मधलं नाव Given Name मध्येच जातं, म्हणजे Given Name मध्ये SNEHAL RAJENDRA आणि Surname मध्ये PATIL. काही जण वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात घालतात, मग ते पासपोर्टवर तसंच छापून येतं आणि पुढे व्हिसा, तिकीट सगळीकडे तेच चालवावं लागतं.

क्रमाचं सोडा, स्पेलिंगचं मात्र सोडू नका. दाखल्यावर Deshmukh आणि आधारवर Deshmukha, किंवा एकीकडे Vaishali एकीकडे Vaishalee, असं असेल तर केंद्रात थांबवतात. आधी आधार किंवा पॅन दुरुस्त करा. शाळेच्या दाखल्यात चूक असेल तर तिला जास्त वेळ लागतो, म्हणून शक्यतो दाखल्यावरचं नाव पक्कं धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा.

लग्न झालेल्या मुलींचा प्रश्न वेगळा. मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पण बदललंच पाहिजे असा नियम नाही, माहेरच्या नावाने पासपोर्ट बिनधास्त निघतो आणि त्यासाठी लग्नाचं सर्टिफिकेटही सक्तीचं नाही, 2016 च्या शेवटी नियम बदलले तेव्हापासून. अर्धे कागद माहेरच्या नावाचे आणि अर्धे सासरच्या, असं करू नका, एवढंच.

जन्मतारखेला काय द्यायचं?

जन्मदाखला असेल तर उत्तम. नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, लायसन्स, मतदार कार्ड यातलं एक चालतं. फक्त जन्मदाखलाच हवा ही अट 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी आहे, मोठ्यांना ती लागू नाही. दहावीचं सर्टिफिकेट देणार असाल तर त्यावर जन्मतारीख छापलेली आहे ना ते बघून घ्या, सगळ्या वर्षांच्या सर्टिफिकेटवर ती असेलच असं नाही.

नॉन-ईसीआर म्हणजे काय, भरायचं की नाही?

ईसीआर म्हणजे Emigration Check Required, आणि नॉन-ईसीआर म्हणजे ती तपासणी लागत नाही. दहावी पास असाल तर हो भरा आणि दहावीचं सर्टिफिकेट न्या. ते विसरलात तर पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का येऊ शकतो, मग आखातातल्या आणि अशा इतर काही देशांत नोकरीला जाताना एमिग्रेशनची, म्हणजे देशाबाहेर जाण्याची, वेगळी परवानगी लागते.

केंद्रात त्या दिवशी काय होतं?

ए, बी, सी असे तीन काऊंटर. ए वर कागद स्कॅन, फोटो, ठसे. तिथला ऑपरेटर स्क्रीनवर तुमची सगळी माहिती दाखवतो आणि बरोबर आहे का विचारतो, ती अक्षर न् अक्षर वाचा, पोलीस ठाण्याचं नावसुद्धा, कारण दुरुस्ती तिथेच सगळ्यात सोपी असते. मागे रांग आहे म्हणून घाईत हो म्हणू नका. बी वर अधिकारी मूळ कागद तपासतो, सी वर मंजुरी. बाहेर पडताना पावती मिळते, त्यावर फाईल नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

मूळ कागद सगळे न्या. डिजीलॉकरमधून आधार जोडलं असलं तरी न्या. एखादा कागद कमी पडला तर फी बुडत नाही, ती वर्षभर चालते, पण अपॉइंटमेंट पहिल्या तारखेपासून वर्षभरात दोनदाच बदलता येते.

पोलीस व्हेरिफिकेशन नक्की कसं होतं?

पहिल्या पासपोर्टला साधारणपणे छपाईच्या आधी होतं. केंद्रातून फाईल ऑनलाईन पोलिसांकडे जाते, आयुक्तालय किंवा एसपी ऑफिसमधून तुमच्या ठाण्यावर येते. ठाण्यात पासपोर्टचं काम बघणारे एक-दोन कर्मचारी असतात, ते फोन करतात. कधी घरी येतात, कधी ठाण्यावर बोलावतात, दोन्ही नेहमीचं आहे. त्यांना मुख्यतः दोन गोष्टी बघायच्या असतात, तुम्ही भारतीय नागरिक आहात का आणि तुमच्यावर गुन्हे आहेत का. तुम्ही म्हणता त्या पत्त्यावर सापडता का, हे त्यातच बघितलं जातं.

जाताना केंद्राची पावती, आधार, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा कागद, सगळ्याच्या झेरॉक्स, दोन-तीन पासपोर्ट साईज फोटो आणि ओळखणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावं, नंबर, आधार कॉपी असं एका फोल्डरमध्ये न्या. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. फ्लॅट संस्कृतीत समोरच्या दाराला आपलं नावही माहीत नसतं, मग पोलिसांनी विचारलं की ते घाबरून 'आम्हाला माहीत नाही' म्हणतात आणि तेवढ्याने काम थांबतं. वॉचमनलाही सांगा. मालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांकडे भरलेली असेल तर त्याचीही प्रिंट ठेवा.

मला फोनच आला नाही, काय करू?

पोलिसांना साधारण 21 दिवसांची मुदत दिलेली असते. केंद्रातून आल्यावर आठवडाभर थांबा, स्टेटसमध्ये पोलीस व्हेरिफिकेशन सुरू झालंय असं दिसत असेल आणि फोन नसेल तर सरळ ठाण्यात जा आणि फाईल नंबर दाखवून पासपोर्टचं काम कोण बघतं ते विचारा. यात काही गैर नाही. अनोळखी नंबर उचलत नाही अशी सवय असेल तर तेवढे दिवस ती बाजूला ठेवा. गणपती, निवडणूक, मोठा बंदोबस्त असेल तेव्हा उशीर होतोच, तेव्हा रोज फेऱ्या मारून उपयोग नाही.

पैसे मागितले तर?

द्यायचे नाहीत. फीमध्ये सगळं आलंय. 'चहापाणी' हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं पाचशे रुपयांत सुटका होते तर देऊन टाकू, आणि त्यामुळेच पुढच्या माणसालाही विचारलं जातं. नम्रपणे सांगा की कागद पूर्ण आहेत, काही कमी असेल तर लिहून द्या. तरी अडवलं तर वरिष्ठ निरीक्षकांना भेटा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर 1064.

रिपोर्ट प्रतिकूल गेलाय असं दिसतंय, पासपोर्ट गेला का?

गेला नाही. आधी कारण शोधा. पत्त्यावर सापडले नाहीत किंवा कागद अपुरे, हे कारण असेल तर प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडून पत्र किंवा मेसेज येतो, त्याला उत्तर द्या, त्या कार्यालयाची Enquiry अपॉइंटमेंट घेऊन जा आणि पुन्हा व्हेरिफिकेशन करायची लेखी विनंती करा, सोबत पत्त्याचा मजबूत पुरावा. महाराष्ट्रात ही कार्यालयं मुंबई, पुणे, नागपूरला आहेत, गोव्यात पणजीला. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर फाईल बंद होते.

मधेच घर बदललं असेल तर ते लपवू नका, पोलिसांना जुन्या घरी भेटायला जाऊन वेळ मारून नेणं हा सल्ला बरेच जण देतात, मी देणार नाही. कार्यालयाला नवा पत्ता कळवा आणि नव्या हद्दीत चौकशी मागा.

कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कोर्टाची परवानगी लागते, आणि परवानगीत मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. फॉर्ममध्ये खटल्याचा प्रश्न आहे, तिथे खरंच लिहा, वकिलाशी बोलून लिहा.

पोलिसांनी क्लिअर पाठवलं पण स्टेटस हलत नाही.

ठाण्यातून निघालेला रिपोर्ट वरच्या ऑफिसमधून पासपोर्ट कार्यालयात जातो, तिथे परत एकदा बघतात. आठ-दहा दिवस काहीच हललं नाही तर 1800-258-1800 या राष्ट्रीय कॉल सेंटरला फोन करा किंवा साईटवर तक्रार नोंदवा, फाईल नंबर लागतो. ठाण्यातले म्हणतात पाठवला आणि स्टेटसला मिळाला असं दिसत नाही, असं झालं तर ठाण्यातून कुठल्या तारखेला पुढे गेला ते विचारून घ्या, तक्रारीत ती तारीख लिहिली की उत्तर नेमकं येतं.

घाई आहे, तत्काळ करू का?

तत्काळमध्ये पासपोर्ट आधी निघतो आणि पोलीस चौकशी बहुतेक वेळा नंतर होते. पण कागद जास्त लागतात आणि पत्त्याचा गोंधळ असेल तर तो तसाच राहतो, फक्त पुढे ढकलला जातो. नंतरच्या चौकशीत रिपोर्ट प्रतिकूल आला तर हातात आलेल्या पासपोर्टबद्दल नोटीस येऊ शकते. ज्यांचे कागद स्वच्छ आहेत त्यांनीच हा मार्ग घ्यावा.

पासपोर्ट पोस्टमनने आईच्या हातात दिला नाही, का?

कारण तो अर्जदारालाच द्यायचा असतो, ओळखपत्र बघून. निघाल्याचा मेसेज आला की त्यात स्पीड पोस्टचा नंबर असतो, तो ट्रॅक करा आणि त्या दिवशी घरी राहता येत नसेल तर आपल्या भागाच्या पोस्ट ऑफिसात ओळखपत्र घेऊन जा आणि तिथूनच घेता येईल का विचारा. बरेच दिवस कुणी घेतलं नाही तर पाकीट पासपोर्ट कार्यालयात परत जातं आणि मग परत कार्यालयाशी बोलून मागवावं लागतं. मिळाल्यावर पोस्टमन जायच्या आधी नाही, पण त्याच संध्याकाळी नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावं कागदांशी ताडून बघा, चूक दिसली तर तिकीट काढायच्या आधी कार्यालयाला कळवा.